‘थोडं छोटं करा, थोडं प्रेमानं लिहा’

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली होती. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडत होते. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने त्या वेळी राज्याला एक सल्ला दिला होता. साथ असलेल्या भागात ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेला लसीचा एक जादा डोस देण्याचा विचार करावा, आणि हा डोस नेहमीच्या दोन डोसांच्या वर असेल, असे त्यात म्हटले होते.

त्या दिवसांत आमच्याकडे एका डॉक्टरताईंचा इंग्रजी मजकूर आला. वस्तीतल्या आयांच्या मोबाइलवर तो मराठीत आणि हिंदीत पाठवायचा होता. मराठीचे काम माझ्याकडे आले. मजकूर दहा-बारा ओळींचा होता, तासाभरात होईल असे वाटले. प्रत्यक्षात त्याला दोन दिवस आणि चार खर्डे लागले. पहिला खर्डा वाचून एक जण म्हणाले, ‘छोटं करा.’ दुसऱ्यावर एक भाभी म्हणाल्या, ‘जरा प्रेमानं लिहा.’ तिसऱ्यावर मशिदीच्या ट्रस्टमधले चाचा म्हणाले, ‘हे फलकावर लावायचं तर भाषा जरा वजनदार हवी.’ तिघांचेही बरोबर होते. तिघांचेही ऐकून मी तीन वेळा मजकूर बदलला, आणि तिन्ही वेळा डॉक्टरताईंनी सांगितलेले काही ना काही चुकवले.

आपल्यापैकी बरेच तरुण आज हेच काम करतात. शाळेची नोटीस, बँकेचे पत्र, शिष्यवृत्तीची सूचना, रक्तदान शिबिराचे निमंत्रण कुणीतरी इंग्रजीतून किंवा उर्दूतून मराठीत आणते, गटावर टाकते आणि मग सूचना येऊ लागतात. म्हणून त्या चार खर्ड्यांची गोष्ट इथे सविस्तर सांगतो.

पहिला खर्डा असा होता:

‘सर्व पालकांना या संदेशाद्वारे कळविण्यात येते की, आपल्या विभागात गोवर या आजाराचा उद्रेक झालेला असून तो लसीकरण न झालेल्या बालकांमुळे पसरत आहे. यास्तव वयाचे ९ महिने पूर्ण झालेल्या व ५ वर्षे पूर्ण न झालेल्या सर्व बालकांना गोवर-रुबेला लसीचा एक अतिरिक्त डोस देण्याचा सल्ला देण्यात आला आहे. यापूर्वी लस घेतलेली असली तरीही हा डोस घ्यावा. मात्र मागील डोसला किमान ४ आठवडे झालेले असावेत. हा डोस नियमित डोसांच्या ऐवजी नसून त्यांच्या व्यतिरिक्त आहे. लसीकरणानंतर आठवडा-दीड आठवड्याने काही बालकांना सौम्य ताप किंवा पुरळ येऊ शकते. ते आपोआप बरे होते. ताप वाढल्यास किंवा बालक निपचित वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे. लस मोफत आहे. शनिवारी सकाळी १० ते दुपारी २, उर्दू शाळा. लसीकरण कार्ड सोबत आणावे. कार्ड नसल्यासही यावे.’

यात माहिती जवळजवळ सगळी आली आहे. पण मोबाइलवर हा मजकूर पूर्ण दिसतच नाही. काही ओळींनंतर बाकीचे ‘आणखी वाचा’ या शब्दांखाली जाते, आणि तिथे बोट लावणारे थोडेच असतात. शनिवार, वेळ आणि शाळा तर अगदी तळाला होती. ‘छोटं करा’ ही सूचना त्यामुळे रास्तच होती.

मी दुसरा खर्डा केला:

‘गोवराची साथ आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लसीचा डोस द्या. शनिवारी सकाळी १० ते दुपारी २, उर्दू शाळा. लस मोफत. कार्ड आणा.’

मला तो फार आवडला होता. एका नजरेत वाचून होत होता. गटातल्या चौघांनी अंगठा दाखवला. मी तो डॉक्टरताईंना पाठवला तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘ज्या बाळाचे दोन्ही डोस झालेत, त्याची आई हे वाचून काय करेल?’

ती घरीच थांबेल. तिच्या कार्डावर दोन्ही शिक्के आहेत. हा निरोप आपल्यासाठी नाही असे तिला वाटेल. ‘यापूर्वी लस घेतलेली असली तरीही’ हे शब्द मी शोभेचे समजून काढले होते. साथीतल्या जादा डोसाचा सगळा मुद्दाच त्या शब्दांत होता. ‘अतिरिक्त’ हा शब्द जड वाटला म्हणून गेला, आणि त्याच्याबरोबर अर्थही गेला.

मग आम्ही बसून ओळ-ओळ पाहिली, तर आणखी दोन भोके सापडली. एक होते ‘नवव्या महिन्यापासून’. मराठीत नववा महिना लागतो तेव्हा बाळाचे आठ महिने पूर्ण झालेले असतात. ‘नऊ महिने पूर्ण झालेल्या’ हे चार शब्द दोन शब्दांत बसवताना मी बाळाचे वय एका महिन्याने खाली आणले होते. आठ महिन्यांचे बाळ घेऊन कुणी भर उन्हात रांगेत उभे राहिले असते आणि टेबलापाशी पोचल्यावर परत पाठवले गेले असते. दुसरे भोक ‘कार्ड आणा’ हे होते. पहिल्या खर्ड्यात ‘कार्ड नसल्यासही यावे’ होते. त्यातला अर्धा भाग काढल्यावर उरलेला अर्धा उलटा बोलू लागला. ज्यांची कार्डे घर बदलताना किंवा पावसात गेली, नेमक्या त्याच आया मागे राहिल्या असत्या, आणि त्यांच्याच मुलांचे डोस राहिलेले असण्याची शक्यता जास्त.

मजकूर छोटा करताना हात आधी कुठे जातो ते यावरून कळते. तो ‘तरीही’, ‘मात्र’, ‘पूर्ण’, ‘नसल्यास’ अशा शब्दांकडे जातो, कारण त्यांच्यामुळे वाक्य अडखळते. पण कुणी यायचे आणि कुणी थांबायचे, हे तेच शब्द ठरवतात. काढण्यासारखे शब्द वेगळेच असतात. ‘सर्व पालकांना या संदेशाद्वारे कळविण्यात येते की’ यात माहिती शून्य. ‘यास्तव’ गेला तरी चालते. ‘उद्रेक झालेला असून’ च्या जागी ‘साथ आहे’ पुरते. ‘डोस देण्याचा सल्ला देण्यात आला आहे’ हे सहा शब्द ‘डोस द्यावा असा डॉक्टरांचा सल्ला आहे’ असे लिहिले की शब्द तेवढेच राहतात, पण सल्ला कुणाचा ते कळते. मराठीतली लांबी बहुतेक वेळा अशा सरकारी शेपटांत असते. अटी काढण्याआधी ती शेपटे शोधावीत.

आता भाभींची सूचना. ‘जरा प्रेमानं लिहा’ म्हटल्यावर मी जे केले ते बहुतेक जण करतात. गोड शब्द घातले:

‘अस्सलामु अलैकुम, प्रिय भगिनींनो! आपली इवलीशी फुले गोवरापासून सुरक्षित राहावीत म्हणून आपण सर्वांनी शनिवारी उर्दू शाळेत अवश्य यावे. अजिबात घाबरू नका, काहीही होत नाही. फार तर त्या रात्री अंग थोडे गरम होईल, सकाळी बाळ पुन्हा खेळू लागेल.’

या वेळी डॉक्टरताई जरा रागावल्याच. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर ताप येतो तो बहुधा त्या रात्री येत नाही. लसीतला कमजोर केलेला विषाणू शरीरात हळूहळू काम सुरू करतो, म्हणून ताप किंवा पुरळ आठवडा-दीड आठवड्याने दिसते. माझ्या निरोपावर विश्वास ठेवून एखादी आई दुसऱ्या दिवशी निश्चिंत झाली असती. आठव्या दिवशी बाळ तापले असते, तेव्हा तिने एक तर त्याचा लसीशी संबंधच जोडला नसता, किंवा ‘काहीही होत नाही’ म्हणणारे खोटे बोलले असे म्हटले असते. पुढच्या वेळी तिने आमच्या कुठल्याही निरोपावर विश्वास का ठेवावा? धीर देण्यासाठी मी माहिती पुसून तिच्या जागी अंदाज लिहिला होता. ‘काही मुलांना’, ‘येऊ शकतो’, ‘दाखवावे’ हे शब्द धीर देताना सगळ्यात आधी जातात.

मग मी भाभींकडे गेलो आणि आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, ‘पहिला मजकूर वाचताना तुम्हाला नेमकं कुठं खटकलं?’ त्यांनी बोट ठेवले ते ‘लसीकरण न झालेल्या बालकांमुळे पसरत आहे’ या शब्दांवर. म्हणाल्या, ‘इथंच वाचणं बंद होतं. साथ आमच्यामुळं आली असं आधी सांगायचं, आणि मग या म्हणायचं?’

मी इंग्रजी मजकूर पुन्हा काढला. डॉक्टरताईंनी तसे लिहिलेच नव्हते. साथ लस न झालेल्या मुलांमध्ये पसरते आहे, म्हणजे धोका त्या मुलांना आहे, असे त्यांनी लिहिले होते. मी ‘मध्ये’च्या जागी ‘मुळे’ लिहिले, आणि धोक्यात असलेले मूल दोषी झाले. भाभींना मजकूर कोरडा वाटला होता तो या एका प्रत्ययामुळे. तो दुरुस्त झाल्यावर फुलांची गरजच उरली नाही. भाभींची तक्रार सुराची वाटत होती, पण तिने भाषांतराची चूक पकडून दिली. ‘प्रेमानं लिहा’ याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की मजकुरात कुठेतरी टोचते आहे. ते कुठे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

‘आपण’चाही असाच घोळ झाला होता, आणि तो आपल्या घरांत नेहमी होतो. घरात आपण दखनी किंवा हिंदी बोलतो. तिथे ‘आप’ म्हणणे आदराचे आहे आणि जवळिकीचेही. आई-वडिलांना, खालाला, शेजारच्या भाभीला आपण ‘आप’च म्हणतो. त्यामुळे मराठी लिहिताना हात सरळ ‘आपण’कडे वळतो. पण मराठीतला समोरच्याला म्हटलेला ‘आपण’ सभेतला किंवा कचेरीतला असतो. त्याने अंतर पडते. आदर आणि जवळीक दोन्ही हवे असतील तर मराठीत ‘तुम्ही’ पुरतो. गंमत अशी, की याच ‘आपण’चा दुसरा अर्थ सगळ्यात जवळचा आहे. ‘आपल्या गल्लीत’, ‘आपली मुलं’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा एका बाजूला येतात. म्हणून ‘आपण यावे’ थंड लागते, आणि ‘आपल्या मुलांसाठी या’ ऊबदार लागते.

‘प्रिय भगिनींनो’चेही तसेच. गल्लीत कुणी कुणाला भगिनी म्हणत नाही. आपा, भाभी, खाला, ताई म्हणतात. पण गटावरच्या निरोपात वाचणारी एक नसते, तिथे मुलांचे अब्बा आणि दादीही असतात. अशा वेळी संबोधन न घालणे चांगले. त्याऐवजी ओळखीच्या माणसाचे नाव घालावे. ‘शंका असेल तर आपल्या आशाताईंना विचारा’ हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त धीर देते. कारण त्या आशाताईंचे घर कुठे आहे हे वाचणारीला माहीत असते.

तिसरी फेरी चाचांची. मशिदीच्या फलकावर लावायला आणि जुम्याच्या नमाजनंतर वाचायला त्यांना मजकूर हवा होता. तिथे गल्लीची बोली शोभत नाही, हे त्यांचे म्हणणे योग्य होते. मी लिहिले:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, ९ महिने ते ५ वर्षे वयोगटातील बालकांचे लसीकरण करून घेणे बंधनकारक असून याबाबत कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’

लिहिताना मला ते वजनदार वाटले. वाचल्यावर चाचाच म्हणाले, ‘बंधनकारक कुणी केलं? सरकारनं?’ कुणीच केले नव्हते. मुळात सल्ला होता. औपचारिक मराठी आपण शिकलो ती नोटिसांतून, आणि नोटिसा बहुधा हुकूम देतात किंवा दंड सांगतात. त्यामुळे औपचारिक लिहायला बसले की हुकमाचे शब्द आपोआप येतात, आणि सल्ला बघता बघता सक्ती होऊन बसतो. त्याचा परिणामही वेगळा होतो. सल्ला ऐकून माणूस विचारतो, ‘कधी आहे?’ सक्ती ऐकून विचारतो, ‘नाही केलं तर काय कराल?’ त्या दिवसांत हा वाद वस्तीत सुरू व्हायला नकोच होता.

मराठीत औपचारिकपणाच्या पायऱ्या क्रियापदात असतात. ‘लस घ्या’ हे बोलणे झाले. ‘लस घ्यावी’ हे लेखी आणि आदराचे. ‘लस घेण्यात यावी’ हे कचेरीचे. फलकासाठी मधली पायरी पुरते. तिसऱ्या पायरीवर गेले की करणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. लस कुणी घ्यायची, कुणी द्यायची, कोण कुणाला सांगते आहे, काहीच उरत नाही. ‘डॉक्टरांचा सल्ला आहे’, ‘ट्रस्टची विनंती आहे’ असे बोलणारा स्पष्ट ठेवला की भाषा वजनदारही होते आणि खरीही राहते.

चौथ्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काम संपले, ते एका साध्या गोष्टीमुळे. डॉक्टरताईंनी एका वहीच्या पानावर सहा ओळी लिहायला लावल्या. मजकुराची भाषा कशीही असो, यातले काही हलता कामा नये, असे म्हणाल्या. कुणासाठी: नऊ महिने पूर्ण, पाच वर्षे अपूर्ण. आधीचे डोस झाले असले तरी. मागच्या डोसला चार आठवडे झालेले. नेहमीचे डोस वेगळे, ते वेळेवर घ्यायचेच. ताप केव्हा येऊ शकतो आणि डॉक्टरांना केव्हा दाखवायचे. जागा, वेळ, मोफत, कार्ड असो वा नसो. हे पान आम्ही टेबलावर ठेवले आणि प्रत्येक नवा खर्डा आधीच्या खर्ड्याशी न ताडता या पानाशी ताडला.

फरक इथेच पडतो. तिसरा खर्डा दुसऱ्याशी ताडला तर दुसऱ्यात हरवलेले काही परत येत नाही, कारण ते तिथे दिसतच नाही. डोळ्यांना फक्त ताजा बदल दिसतो. माझ्या प्रेमळ खर्ड्यात ‘आधी डोस झाले असले तरी’ नव्हते, कारण त्याच्या आधीच्या छोट्या खर्ड्यातही ते नव्हते. चार फेऱ्यांत चार लहान चुका साचतात. शेवटचा मजकूर सगळ्यांना आवडतो आणि मुळापासून सगळ्यात लांब गेलेला असतो.

पानाशी ताडून केलेला गल्लीचा मजकूर असा झाला:

‘शनिवारी, सकाळी १० ते दुपारी २, उर्दू शाळेत गोवराची लस. मोफत.

आपल्या भागात गोवराची साथ आहे. ९ महिने पूर्ण झालेल्या आणि ५ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येक मुलाला एक जादा डोस द्यावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. आधीचे डोस झाले असले तरी या. फक्त मागच्या डोसला ४ आठवडे झालेले हवेत. पुढचे नेहमीचे डोसही वेळेवर घ्या.

लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने काही मुलांना थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते, ते आपोआप जाते. ताप वाढला किंवा मूल मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

कार्ड असेल तर आणा, नसेल तरी या. शंका असेल तर आपल्या आशाताईंना विचारा.’

हा पहिल्या खर्ड्याच्या तुलनेत फारसा छोटा नाही. पण दिवस, वेळ आणि जागा वर आली. ‘आणखी वाचा’ न दाबणाऱ्यालाही शनिवार कळतो. ‘छोटं करा’ म्हणणाऱ्या दोस्ताला दाखवले तर तो म्हणाला, ‘आता ठीक आहे.’ त्याला शब्द कमी नको होते, कामाचे आधी हवे होते. हेही त्याला विचारल्यावरच कळले असते.

फलकासाठी त्याच पानावरून दुसरा मजकूर केला. ‘ट्रस्टतर्फे सर्व पालकांना विनंती’ अशी सुरुवात, ‘द्यावा’, ‘यावे’, ‘दाखवावे’ अशी क्रियापदे, आणि सहाच्या सहा गोष्टी जशाच्या तशा. गल्लीचा आणि फलकाचा मजकूर एकाच खर्ड्यात बसवण्याचा नाद मात्र आम्ही सोडला. भाभींना हवी असलेली जवळीक आणि चाचांना हवे असलेले वजन एका वाक्यात मावत नाही. ओढाताणीत अर्थ फाटतो. वाचणारे दोन असतील तर मजकूर दोन करावेत, पान एकच ठेवावे.

आमचे मासिक दोन भाषांत निघते, म्हणून आणखी एक गोष्ट. मराठीत ‘मुळे’चे ‘मध्ये’ झाले तेव्हा हिंदी मजकूर करणाऱ्या मैत्रिणीला मी ते सांगितलेच नाही. तिने माझ्या पहिल्या मराठी खर्ड्यावरून भाषांतर सुरू केले होते. तो दोष तिच्याकडे तसाच उतरला होता, आणि जायच्या अर्धा तास आधी सापडला. तेव्हापासून दोन्ही भाषांतले मजकूर त्या पानावरून होतात, एकमेकांवरून होत नाहीत. शब्दांचे खेळही वेगळे असतात. हिंदीत लसीला टीका म्हणतात. तोच शब्द कुणी घाईत मराठीत ठेवला तर ‘मोफत टीका शनिवारी’ अशी घोषणा व्हायची.

पाठवण्याआधी एक शेवटची परीक्षा घेतली. ज्यांनी यातले काहीच पाहिले नव्हते अशा एका खालांना मजकूर एकदा वाचून दाखवला आणि फोन खिशात ठेवला. मग विचारले, ‘तुमच्या नातवाला न्यायचं का?’ नातू तीन वर्षांचा, दोन्ही डोस झालेले. म्हणाल्या, ‘न्यायचं. झाले असले तरी या म्हटलंय ना.’ ‘ताप आला तर?’ म्हणाल्या, ‘आठवड्यानं येईल म्हणताय. जास्त झाला तर दाखवायचं.’ ‘कळलं का?’ असे विचारले असते तर त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या, सगळेच म्हणतात. वाचणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगितले तरच कळल्याचे समजते. चार आठवड्यांची अट मात्र त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. ती लसीच्या टेबलावर कार्ड बघूनही तपासली जाणार होती, म्हणून आम्ही मजकूर आणखी ताणला नाही. प्रत्येक गोष्ट मजकुरानेच करायची नसते. काही काम टेबलापाशी बसलेल्या माणसाचेही असते. पण ते तिथे होणार आहे, याची खात्री करून मगच आम्ही तिथे थांबलो.

थांबायचे केव्हा, हेही यातून कळले. सूचना येतच राहतात. शेवटी कुणी ‘मलूल’चे ‘सुस्त’ करायला सांगते, दुसरे कुणी ‘सुस्त’चे पुन्हा ‘मलूल’. बदल असे येरझारा घालू लागले, पानावरच्या सहाही गोष्टी जागेवर असल्या आणि खाला त्या बरोबर परत सांगू शकल्या, की पाठवून द्यावे.

पुढच्या वेळी तुमच्या गटावर कुणी ‘छोटं करा’, ‘प्रेमानं लिहा’ किंवा ‘जरा व्यवस्थित भाषेत लिहा’ म्हणेल, तेव्हा नाराज होऊ नका आणि लगेच लिहायलाही बसू नका. आधी विचारा, ‘नेमकं कुठं?’ मग मूळ मजकूर काढा आणि त्याच्या शेजारी ठेवून बदल करा. सूचना देणाऱ्याला वाचताना कुठेतरी अडले असते, ते खरेच असते. फक्त त्यावरचा उपाय त्याने सुचवलेलाच असेल असे नाही. भाभी गोड शब्द मागत होत्या. त्यांना हवे होते ते एक ‘मध्ये’.